माझी बचत, त्याचं कार्ड

३ मे, रविवार
साताऱ्याहून, मामेबहिणीच्या लग्नाहून परत. दार उघडलं आणि वास. आधी वाटलं उंदीर. मग कळलं, फ्रीज गेलाय. दोन दिवस बंद, वर मे महिना. इडलीचं पीठ भांड्यातून उतू जाऊन खालच्या कप्प्यात, तिथून भाजीच्या ट्रेमध्ये. आमरसाला फेस. पनीरबद्दल लिहीत नाही.
मंदार नाकाला रुमाल लावून दारात उभा. म्हणे, "मी पंखा लावू का?" नवरा मदत करतो ती अशी.
चार बादल्या पाणी, व्हिनेगर, सोडा. हाताचा वास अजून जात नाही. जेवले नाही. ओवीला (वय दहा, नखरे वीस) मॅगी.

४ मे, सोमवार
मेकॅनिक आला. फ्रीज चौदा वर्षांचा. आतल्या भिंतीतली कॉइल लीक झाली आहे म्हणे. साडेसहा हजार, वर गॅरंटी नाही. मी म्हटलं, करून टाका. मंदार म्हणाला, थांबा.
मेकॅनिक गेल्यावर सुरू. मंदारला डबल डोअर हवा. चौतीस हजार. "नो कॉस्ट इएमआयवर घेऊ, सहा महिने, कळणारपण नाही."
न कळणारे दोन इएमआय आधीच चालू आहेत, टीव्ही आणि त्याचा फोन. महिन्याला पाच हजार आठशे. आणि नो कॉस्ट म्हणे! रोखीने घेतला की जी सूट मिळते ती इएमआयवाल्याला मिळत नाही, तेच व्याज. वर प्रोसेसिंग फी, आणि त्या न दिसणाऱ्या व्याजावर जीएसटी. मार्केट यार्डात मसाल्याच्या गाळ्यावर मी दिवसभर हिशेबच लिहिते, मला शिकवू नये.
"तू ना, मेलीस तरी स्मशानात लाकडाचा भाव करशील." असं म्हणाला. मी म्हटलं, "आणि तू लाकडं इएमआयवर घेशील."
हसू आलं दोघांनाही, पण हसलो नाही.

६ मे, बुधवार
तरीही दुकानात गेले त्याच्याबरोबर. का गेले? दूध रोज फाटतंय, भाजी रोज आणायची, ओट्यावर मुंग्या. कंटाळा आला.
दुकानदाराने फ्रीजची दारं लावून, उघडून दाखवली. मंदारचा चेहरा लग्नात होता तसा. कार्ड दिलं. मशीन पीं पीं. परत. पुन्हा पीं पीं. दुकानदार गोड आवाजात, "सर, लिमिट बघता का जरा?"
मागे एक बाई तिच्या सुनेला म्हणाली, "चल, आपण पलीकडे बघू." अशी नजर की आम्हाला काहीतरी झालंय आणि ते लागण होणारं आहे.
घरी येताना मी गाडीवर मागे. लिमिट दीड लाखाचं आहे एवढं मला माहीत होतं.

७ मे
अबोला. ओवी निरोप्या. "बाबा विचारतोय डबा केलाय का." "सांग, ओट्यावर आहे." "बाबा म्हणतोय दिसतोय."
मग विचारलं कशाला?

९ मे, शनिवार
बोलला. संध्याकाळी, गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा मागून आला. स्वतःहून. हे मात्र लिहायला हवं.
कार्डावर एक लाख शेहेचाळीस हजार. दर महिन्याला फक्त मिनिमम भरतोय, सातेक हजार. त्यातले सहा हजार व्याज आणि त्यावरचा जीएसटी. म्हणजे मूळ रक्कम हलतच नाही. आणि एकदा बाकी ठेवली की नव्या खरेदीला ते बिनव्याजी पन्नास दिवसही मिळत नाहीत, दूध घेतलं तरी त्याच दिवसापासून व्याज. महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाला बेचाळीस.
मी ओल्या चादरी हातात घेऊन उभी. म्हटलं, "कधीपासून?"
"तू नोकरीला लागलीस तेव्हापासून."
मला किळस आली. खरंच. त्याची नाही, माहीत नाही कशाची. रोज शेजारी झोपणारा माणूस वीस महिने व्याज भरतोय आणि मला म्हणतोय, पनीर संपलंय वाटतं.

१० मे, रविवार
सकाळी भांडण. मोठं. ओवीला खाली खेळायला पाठवलं, ऊन होतं तरी.
मी सगळं काढलं. टीव्ही, फोन, दर शनिवारी बाहेरून जेवण, त्या कसल्या मसाज गन. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं? आता मी बोलू?"
आणि बोलला. आमचं ठरलं होतं, मी नोकरी धरली तेव्हा: त्याचा पगार घराला, माझा पगार उद्याला. मीच ठरवलं होतं. ऐटीत. त्याच वर्षी ओवीची शाळा बदलली, बस लागली. त्याचे अठ्ठावन्न हजार. घराचा हप्ता, मेंटेनन्स, शाळा, किराणा, दूध, लाइट, गॅस, पेट्रोल, भांड्याची बाई, टीव्ही-फोन, सगळं धरून जवळपास बासष्ट. दर महिन्याला चार हजार कमीच. वर त्याचे शनिवार.
"विसाव्या तारखेला तुझ्याकडे मागितले की तू काय म्हणायचीस?"
म्हणायचे, "माझे एफडीत गेले." अभिमानाने म्हणायचे.
"मग किराणा कुठून आणला मी? कार्डावरून. तुझी बचत माझ्या कार्डावर चाललीय, मॅडम."
मी म्हटलं, टीव्हीसुद्धा माझ्या बचतीने आणायला सांगितला का? पण आवाजात जोर नव्हता.

११ मे, सोमवार
गाळ्यावर हळदीच्या पावत्या सोडून हाच हिशेब. वीस महिने, दरमहा वीस हजार, चार लाखांच्या एफडी. सात टक्के. म्हणजे महिन्याला व्याज येतं तेवीसशेच्या आसपास. कार्डाला जातं सहा हजार.
एका हाताने तेवीसशे आत, दुसऱ्या हाताने सहा हजार बाहेर. आणि मी बिल्डिंगमध्ये सल्ले देत फिरते. शेठ म्हणाले, "काय मॅडम, तब्येत बरी नाही का?" म्हटलं, ऊन लागलंय.

१२ मे
मंदार म्हणतो, एफडी मोड आणि कार्ड भर. सरळ आहे म्हणतो.
सरळ आहे. मला ते करता येत नाहीये.
बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत. आई मावशीकडे पैसे मागायला गेली, मला घेऊन. मावशीने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि पोळ्या पूर्ण होईपर्यंत काही विचारलं नाही. आई पोळ्या लाटू लागली. मागायला आलेली बाई दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटते आणि मुलगी बघते. त्या घरातल्यासारख्या फोडणीचा वास अजूनही आला की मला मळमळतं.
एफडी म्हणजे मला ते स्वयंपाकघर नको, एवढंच. व्याज वगैरे नंतर. हे मंदारला सांगितलं आज. अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. तो म्हणाला, "मग आत्ता आपण कुठे बसलोय? बँकेच्या स्वयंपाकघरात."
राग आला. बरोबर बोलला म्हणून जास्त आला.

१४ मे, गुरुवार
अर्धी सुट्टी घेऊन बँकेत. चार पावत्या. काउंटरवरचा पोरगेला माणूस म्हणाला, "मॅडम, ही दीड लाखाची टॅक्स सेव्हिंगची आहे. पाच वर्षं हात लावता येत नाही. यावर कर्जही मिळत नाही."
माहीत होतं मला. पण मी ती घेतली कशाला? जुन्या करपद्धतीत गेल्या वर्षी टॅक्स वाचवायला म्हणून. माझ्या पगारावर टॅक्सच लागत नाही! शेजारच्या वहिनींनी घेतली म्हणून घेतली. वाह.
राहिल्या तीन. एक लाखाची, नव्वद हजारांची आणि साठ हजारांची. शेवटच्या दोन लवकरच पूर्ण होणाऱ्या. लाखाची चारच महिन्यांपूर्वीची. तिच्यावर कर्ज घ्यावं का, तेही विचारलं. एफडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे नऊ. कार्डाच्या बेचाळीसपुढे नऊ चांगले. पण मग आणखी एक हप्ता. नको.
मोडली तर चार महिन्यांना जो दर असतो तो मिळणार, त्यातून एक टक्का दंड कापून. सातऐवजी साडेचार. म्हणजे नुकसान किती? आठशे रुपये.
आठशे. एवढ्याला मी चार रात्री डोळे उघडे ठेवले.
मोडली. सही सरळ आली. घरी येऊन मात्र दोनदा आंघोळ केली.

१७ मे, रविवार
एक लाख पंधराशे हातात. लागणार एक लाख शेहेचाळीस. उरलेले भिशीतून.
आमची भिशी बिल्डिंगमधल्या बारा बायकांची, पाच हजारांची. चिठ्ठ्यांची. महिन्याला एकीला साठ हजार. मी नेहमी शेवटचा नंबर मागून घेते, म्हणजे खर्च होणार नाही. व्याज नाही काही नाही, बारा महिने माझे पैसे दुसऱ्यांच्या सोफ्यात आणि मी कचोरी खाऊन घरी. हाही माझाच शहाणपणा.
शिंदे वहिनींकडे आज भिशी. (भिशी त्याच चालवतात आणि बिल्डिंगही.) चिठ्ठी निघाली चौथ्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंची. मी म्हटलं, मला बदलून मिळेल का, माझा नंबर तुम्ही घ्या.
सगळ्यांचं खाणं थांबलं. वहिनी: "अगं, तू? तू तर शेवटची असतेस! काही अडचण?"
"फ्रीज गेलाय."
"साठ हजारांचा फ्रीज?"
अकरा तोंडं माझ्याकडे. तीच नजर, मावशीची. हातातली कचोरी चटणीसकट ताटलीत ठेवली. देशपांडे काकू म्हणाल्या, "घे बाई. मला काय, दिवाळीला मिळाले तरी चालतील." सरळ माणूस. मी त्यांना कधी जिन्यात नीट हसूनही दाखवलं नव्हतं.
आता उरलेले सगळे महिने पाच हजार भरायचे आहेतच, पैसे उचलले म्हणून भिशी सुटत नाही. हे मंदारला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मला भिशी कळते गं."

१८ मे
कार्ड भरलं. पूर्ण. चौदा-पंधरा हजार उरले, फ्रीजसाठी ठेवले.
मी म्हटलं, कार्ड काप आता. म्हणाला, नाही, कापलं तर रेकॉर्ड बिघडेल, आणि उद्या हॉस्पिटल लागलं तर? वाद. शेवटी: लिमिट कमी करून तीस हजार, आणि दर महिन्याला पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जायची सोय. मिनिमम नाही, पूर्ण. त्याने माझ्यासमोर केलं. माझं समाधान झालं नाही.

२४ मे, रविवार
आज बसलो. ओवी आजीकडे. चहा दोनदा. फ्रीज नसल्यामुळे दूध सकाळचं, दुसरा चहा फाटलेला, तरी प्यायलो. शी.
आधी एक तास नुसतं एकमेकांना सुनावणं. मग कामाचं.
त्याचा पगार, माझा पगार असं आता नाही. माझे अठ्ठावीस, त्याचे अठ्ठावन्न, एकूण शहाऐंशी. पगार झाला की सगळे एका जॉइंट खात्यात. त्यातून घर: एकोणसाठ (माझं बसभाडंही यात). टीव्ही-फोन पाच हजार आठशे, ऑक्टोबरमध्ये संपणार, त्यानंतर नवा इएमआय नाही, लिहून दे म्हटलं, लिहून दिलं नाही. भिशी पाच.
मग भांडण. मला उरलेलं सगळं एफडीत हवं. त्याला "जगायला".
तो: "तू अशी करतेस की आपण उद्याच म्हातारे होणार."
मी: "तू असा करतोस की आपण कधीच होणार नाही."
शेवटी असं. अडीअडचणीला महिन्याला सहा हजार, वेगळ्या खात्यात, एफडीत नाही, मोडावी लागू नये म्हणून. नव्वद आणि साठच्या पावत्याही आता त्याच खात्याच्या. सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत तिथून काही घ्यायचं नाही. विमा, शाळेची फी, दिवाळी, मोठ्या वस्तू, असे जे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण दचकतो, त्यासाठी पाच हजार. आणि दोघांना अडीच-अडीच हजार "विचारायचं नाही"चे. हे त्याचं. मी म्हटलं, मला नकोत. तो म्हणाला, घ्यावेच लागतील, नाहीतर तू माझे मोजत बसशील.
तीन हजारांच्या वर काही घ्यायचं तर एकमेकांना सांगून, एक रात्र जाऊ देऊन.
बेरीज: पंच्याऐंशी हजार आठशे. दोनशे उरले. दोघंही त्या दोनशेंकडे बघत बसलो.
वीस हजारांवरून सहा हजारांवर आले मी. ऑक्टोबरनंतर, भिशी संपल्यावर वाढेल, हे मलाच मी सांगितलं.

५ जून, शुक्रवार
पगार. दोघांचे गेले जॉइंटला. माझं खातं रिकामं दिसलं. नोकरीनंतर पहिल्यांदा. दिवसभर चिडचिड, एका व्यापाऱ्याला फोनवर उगाच टाकून बोलले.

९ जून
कार्डाचं बिल आलं. सव्वीसशे! पूर्ण भरलं होतं ना? फोन लावला. बिलाच्या तारखेपासून आपण भरलं त्या तारखेपर्यंतचं व्याज, ते मागाहून येतं म्हणे. "मॅडम, हे शेवटचं." मेल्यावरही शेपूट हलवतोय हा साप.
कुठून भरायचे? अडीअडचणीतून नाही, ठरलंय. फ्रीजचे नाहीत. मंदार म्हणाला, "माझ्या विचारायचं नाहीमधून घे, वरचे शंभर पाकिटात आहेत. कार्ड माझं." आणि फोन हातात घेतलाही.
मी म्हटलं, निम्मे-निम्मे. तेराशे-तेराशे. तो बघत राहिला. मला त्याच्या त्या बघण्याचीही चीड आली, म्हटलं भर लवकर, भाजी करपतेय.

२१ जून, रविवार
फ्रीज आला. साडेसतरा हजार, एक दाराचा, रोख. दुकानदाराला पुन्हा तोंड दाखवायचं नव्हतं, दुसऱ्या दुकानात गेलो, सहाशे कमी करून घेतले. मंदार बाहेर उभा राहिला भाव चालू असताना. लाज वाटते त्याला.
रंग किडनीसारखा आहे. त्या रंगाचाच स्वस्त होता. थंड करतो. ओवीने दिवसभर बर्फ केला.

२७ जून, शनिवार
पार्सल. त्याचं. बाराशेच्या आतलंच असणार, तेवढेच उरले होते त्याच्याकडे. कानात खुपसून गाणी ऐकायचं ते काहीतरी, घरात दोन आहेत आधीच. ओठ चावून बसले. विचारायचं नाही. "छान आहे ना?" असं त्यानेच विचारलं. म्हटलं, मला विचारायचं नाही.
माझे बाराशे तसेच. काय घेऊ? दुकानात गेले, परत आले. चपला बघितल्या. साडेआठशेच्या. नको वाटलं. हा रोगच आहे.

४ जुलै, शनिवार
महिन्याची बैठक. घराच्या खात्यात अकराशे चाळीस उरले. शाळा उशिरा सुरू झाल्याने बस अर्ध्या महिन्याचीच, बाहेरचं जेवण एकदाच, म्हणून.
उरले तर काय करायचं, हे ठरवलंच नव्हतं. उरतील असं दोघांनाही वाटलं नव्हतं.
तो म्हणाला, थाळी. तिघं. आजच, कमावलेत आपण. मी म्हटलं, अडीअडचणीत. तो: "अकराशेने तुझी कुठली अडचण सुटणार?" मी: "आणि थाळीने तुझी?" सुरू. पुन्हा तेच आवाज, तीच वाक्यं, टीव्हीसुद्धा निघाला. मला वीट आला. त्याचा, माझा, अकराशे चाळीसचा. ओवी म्हणाली, "तुम्ही आधी कशावर भांडत होता ते तरी मोठं होतं."
कोणी काहीच केलं नाही. घरी पिठलं-भात.

५ जुलै
सकाळी ॲप उघडून पाहिलं. अकराशे चाळीस तिथेच. त्यानेही पाहिलं असणार, खातं दोघांचं आहे. मी काढले तर त्याला मेसेज जाणार, त्याने काढले तर मला.
चहा पिताना दोघांचे फोन टेबलावर, पालथे. तो म्हणाला, "काय बघतेस?" म्हटलं, "काही नाही, तू?"
"काही नाही."